मूत्रपिंड कार्य अहवाल

रक्तातील क्रिएटिनिन आणि युरिया यांचे प्रमाण, व त्यावरून काढलेला गाळण दर, यांच्या आधारे मूत्रपिंडे कशी चालली आहेत याचा अंदाज देणारा प्रयोगशाळेचा अहवाल. बोलताना याला ‘केएफटी’ किंवा ‘आरएफटी’ म्हणतात. यातला कोणताही आकडा मूत्रपिंडाचे काम प्रत्यक्ष मोजत नाही. मूत्रपिंडाने बाहेर टाकायच्या पदार्थांपैकी रक्तात किती उरले, एवढेच तो सांगतो.

क्रिएटिनिन स्नायूंमध्ये तयार होते. एकाच माणसात त्याची रोजची निर्मिती बरीचशी स्थिर असते, म्हणून ते रक्तात वाढले की गाळण कमी झाल्याचा संशय येतो. पण दोन माणसांचे स्नायू सारखे नसतात, आणि अहवाल वाचताना होणारी सर्वांत मोठी चूक इथेच होते. प्रौढांसाठी साधारण ०.६ ते १.३ मिग्रॅ. प्रति डेसिलिटर अशी ‘सामान्य मर्यादा’ छापलेली असते (प्रयोगशाळेनुसार व लिंगानुसार थोडी वेगळी), आणि आकडा तिच्यात बसला की वाचणारा कागद घडी घालून ठेवतो. १.२ हा आकडा घ्या. तीस वर्षांच्या पुरुषाचे क्रिएटिनिन १.२ असेल, तर २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने गाळण दर सुमारे ८३ येतो. पासष्ट वर्षांच्या स्त्रीचे तेच १.२ असेल, तर दर येतो सुमारे ५०. आकडा एकच, अर्थ अगदी वेगळे.

हा गाळण दर म्हणजे अहवालातील ‘ईजीएफआर’. दोन्ही मूत्रपिंडांतील सूक्ष्म गाळण्या मिळून मिनिटाला किती मिलिलिटर द्रव गाळतात याचा तो हिशेब असतो, आणि तो १.७३ चौरस मीटर शरीरपृष्ठासाठी मांडतात. क्रिएटिनिन, वय आणि लिंग सूत्रात घालून तो काढला जातो, त्यामुळे तोही अंदाजच. पिळदार शरीराच्या माणसात तो खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि कृश, अंथरुणाला खिळलेल्या माणसात जास्त. आदल्या रात्री भरपूर शिजवलेले मांस खाल्ले, तरी क्रिएटिनिन काही तास वर जाते. ट्रायमेथोप्रिमसारखे औषध गाळण न बिघडवताही ते वाढवते. क्रिएटिनिन रोज बदलत असेल, म्हणजे मूत्रपिंडाला नुकतीच अचानक इजा झाली असेल, तर सूत्र लागूच पडत नाही.

युरिया यकृतात प्रथिनांच्या विघटनातून तयार होतो. एकटा वाचला तर तो फारसा भरवशाचा नाही, क्रिएटिनिनशेजारी ठेवला की मात्र बोलू लागतो. शरीरात पाणी कमी झाले की मूत्रपिंडे पाण्याबरोबर युरियाही परत शोषून घेतात, त्यामुळे तो क्रिएटिनिनपेक्षा जास्त वेगाने चढतो. पचनमार्गातील रक्तस्राव आणि स्टेरॉइडही त्याला वर नेतात. काही प्रयोगशाळा युरियाऐवजी ‘बीयूएन’, म्हणजे युरियातील फक्त नायट्रोजन, छापतात, त्याला २.१४ ने गुणले की युरिया मिळतो. हे लक्षात न घेता दोन प्रयोगशाळांचे अहवाल शेजारी ठेवले, तर आठवड्यात युरिया दुप्पट झाल्याचा भास होतो आणि उगाच घबराट उडते.

वरच्या पासष्ट वर्षांच्या स्त्रीचा अहवाल पुढे नेऊ. समजा, तपासणीआधी दोन दिवस तिला जुलाब झाले होते. युरिया ५८, म्हणजे बीयूएन २७, त्याला १.२ ने भागले की सुमारे २२.५. हे गुणोत्तर २० च्या वर गेले की पाण्याच्या कमतरतेची शंका घेतात. बरी झाल्यावर तपासणी पुन्हा केली, तर क्रिएटिनिन १.० आणि युरिया ३४ आला. बीयूएनचे गुणोत्तर १६ वर उतरले आणि गाळण दर सुमारे ६३ झाला. पहिला ५० हा जुनाट विकार नव्हता. उलट, जुलाब वगैरे काही नसताना तीन महिन्यांनीही दर ५० च्या आसपासच राहिला असता, तर तो दीर्घकालीन मूत्रपिंड विकार ठरला असता, कारण ६० पेक्षा कमी दर तीन महिन्यांहून अधिक टिकणे हीच त्याची एक व्याख्या आहे. ४५ ते ५९ या टप्प्याला ‘जी३ए’ म्हणतात.

६० ते ८९ हा दर वाचून अनेकांच्या पोटात गोळा येतो. पण लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन नसेल आणि इतर बिघाडाची खूण नसेल, तर एवढ्यावरून रोग ठरत नाही. याउलट दर ९५ असूनही लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ३० मिग्रॅ. प्रति ग्रॅम किंवा त्याहून जास्त टिकून राहिले, तर तो विकारच होय. मधुमेहात ही खूण अनेकदा क्रिएटिनिनच्या आधी दिसते. ही लघवीची तपासणी रक्ताच्या नेहमीच्या अहवालात नसते, ती वेगळी सांगून करावी लागते. दर ४५ ते ५९ मध्ये अडकला आणि अल्ब्युमिनही नसेल, तर सिस्टॅटिन-सी मोजतात. हे प्रथिन शरीरातील बहुतेक पेशी तयार करतात, म्हणून स्नायूंच्या कमीजास्तीचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. मात्र थायरॉइडचे विकार, स्टेरॉइड आणि धूम्रपान यांनी तेही हलते.