खताच्या पोत्यावरील मजकूर

रासायनिक खताच्या पोत्यावर छापलेले अन्नद्रव्यांचे प्रमाण, वजन, वापराची मात्रा आणि हाताळणीच्या सूचना म्हणजे खताच्या पोत्यावरील मजकूर. भारतात त्याचे स्वरूप खत (नियंत्रण) आदेश, १९८५ नुसार ठरते. ऑक्टोबर २०२२ पासून अनुदानित खते ‘भारत’ या एकाच नावाने विकली जातात. त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची पोती लांबून सारखीच दिसतात आणि ओळख पटवायला आकडेच वाचावे लागतात. शेतकरी पोत्याचा फोटो काढून कृषी सहायकाला किंवा जाणत्या नातेवाइकाला पाठवतो, तेव्हा नेमके हे आकडेच घडीत दबलेले असतात. पोते सपाट करून दोन्ही बाजूंचे फोटो घेतले, तरच पुढचा हिशेब करता येतो.

सोयाबीनला पेरणीबरोबर दिले जाणारे १२:३२:१६ हे उदाहरण घेऊ. या आकड्यांचा क्रम नत्र, स्फुरद, पालाश असा ठरलेला असतो आणि प्रत्येक आकडा शंभर किलो खतात ते द्रव्य किती किलो आहे हे सांगतो. पोते ५० किलोचे असल्याने त्यात निम्मे, म्हणजे ६ किलो नत्र, १६ किलो स्फुरद आणि ८ किलो पालाश येते. बेरीज ३० किलो. उरलेले २० किलो म्हणजे भेसळ, असा समज गावोगावी ऐकू येतो, पण तो खरा नाही. अन्नद्रव्ये सुटी नसतात, संयुगांच्या रूपात असतात. उरलेल्या वजनात मुख्यतः त्या संयुगांचे इतर घटक असतात.

गोंधळ होतो तो मात्रेत. पोत्यावरील आकडे खताचा कस सांगतात, पिकाची गरज नव्हे. गरज कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत असते आणि तीही तीन आकड्यांतच लिहिलेली असल्याने दोन्हींची सरमिसळ होते. मराठवाड्यात सोयाबीनसाठी ३०:६०:३० ही शिफारस प्रचलित आहे. हे किलो अन्नद्रव्यांचे आहेत, खताचे नव्हेत, आणि तेही हेक्टरी. हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर, म्हणून एकरी गरज १२:२४:१२ होते. हेक्टरचा आकडा एकराचा समजला, तर खत अडीचपट पडते. काही पोत्यांवर मात्रा छापलेली असते. तिथेही ती एकरी की हेक्टरी, हे आधी पाहावे.

आता स्फुरदापासून सुरुवात करावी, कारण या खतात तेच सर्वांत जास्त आहे. एका पोत्यात १६ किलो, हवे २४ किलो, म्हणजे दीड पोते किंवा ७५ किलो. त्यातून नत्र ९ आणि पालाश १२ किलो मिळते. पालाश बरोबर बसले, नत्र ३ किलो कमी पडले. युरियात नत्र ४६ टक्के असल्याने साडेसहा किलो युरिया पुरतो. ४५ किलोचे अख्खे पोते टाकले, तर पीक नुसते पाल्यावर जाण्याची भीती असते. शेत ३० गुंठ्यांचे असेल, तर ७५ ला ४० ने भागून ३० ने गुणावे: सुमारे ५६ किलो, म्हणजे एका पोत्यापेक्षा जरा जास्त. हा हिशेब सर्वसाधारण शिफारशीचा आहे. माती परीक्षणाचा अहवाल हाती असेल, तर त्यातले आकडे धरावेत. सोयाबीनला लागणारे गंधक या तीन आकड्यांत कुठेच नाही, ते वेगळे द्यावे लागते.

सूचनांपैकी ‘हुक वापरू नये’ ही हमालांसाठी असते, पण तिचा फटका शेतकऱ्यालाच बसतो. हुकाने आतले प्लास्टिक फाटते, दमट हवा शिरते आणि खताचे ढेकूळ होते. अशा ढेकळांतली अन्नद्रव्ये लगेच नाहीशी होत नाहीत. ती फोडून वापरता येतात, मात्र न फोडता पाभरीच्या चाड्यात टाकली की नळी तुंबते आणि तासात मोकळी जागा राहते. पोती फरशीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून थोडी दूर रचावीत. युरिया जनावरांपासून जपावा. युरिया विरघळलेले पाणी प्यायल्याने गुरे दगावतात, म्हणून खताच्या बादल्या गोठ्यात नेऊ नयेत.

पोत्यावर सहसा न सापडणारी एक खबरदारी सोयाबीनच्या बाबतीत महत्त्वाची आहे. बियाणे आणि खत एकाच चाड्यात मिसळू नये. ओल कमी असताना खताच्या क्षारांमुळे कोंब करपतात आणि रायझोबियम चोळलेल्या बियाण्यावरचे जिवाणूही मरतात. दोन चाड्यांच्या पाभरीने खत बियाण्याखाली किंवा बाजूला सुमारे पाच सेंटिमीटर अंतरावर पडेल असे पाहावे. उगवण विरळ झाली की दोष बहुधा बियाण्यावर येतो. त्या जागी माती उकरून पाहिली आणि खताच्या दाण्यांना चिकटून तपकिरी पडलेले मोड सापडले, तर कारण तिथेच कळते.