कार्ड घातलं तरी लॉगिन नाही: सर्टिफिकेट संपलं की रीडरचा ड्रायव्हर गायब?

नागपुरात सिव्हिल लाइन्सकडच्या कुठल्याही मोठ्या ऑफिसच्या आयटीवाल्याला स्मार्ट कार्डने होणाऱ्या लॉगिनची ही तक्रार तोंडपाठ असेल: "भाऊ, कार्ड वाचतच नाही." गंमत अशी, की दोन अगदी वेगळ्या बिघाडांत माणूस हेच वाक्य बोलतो. एकात मशीनला रीडर दिसत नाही. दुसऱ्यात रीडर ठणठणीत असतो, कार्डही नीट वाचलं जातं, पण कार्डातल्या सर्टिफिकेटची, म्हणजे माणसाची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याची, मुदत संपलेली असते. पहिल्यात दुरुस्ती मशीनची, दुसऱ्यात कार्डाची. निदान चुकलं, तर अर्धा दिवस ड्रायव्हर काढण्या-घालण्यात जातो आणि कार्ड होतं तसंच राहतं.

गोंधळाचं मूळ विंडोजच्या एका सवयीत आहे. मुदत संपलेलं सर्टिफिकेट असेल तर लॉगिन स्क्रीनने तसं स्पष्ट सांगावं, अशी आपली अपेक्षा. पण मूळ सेटिंगमध्ये विंडोज मुदतीबाहेरचं सर्टिफिकेट लॉगिनच्या यादीत दाखवतच नाही. कार्डावर तेवढं एकच सर्टिफिकेट असेल, तर यादी रिकामी. मग कार्डावर वैध सर्टिफिकेट सापडलं नाही, अशा अर्थाचा मोघम संदेश येतो, त्यात 'मुदत संपली' हे शब्द नसतात. समोरचा माणूस तो वाचतो, कार्ड काढून शर्टाला पुसतो आणि पुन्हा घालतो. रीडरच नसेल, तर स्क्रीन कार्ड लावा एवढंच म्हणत राहते, कार्ड कितीदाही घाला. फोनवर या दोन्हींचं वर्णन एकच येतं: काहीच होत नाही.

म्हणून फोनवर पहिला प्रश्न असा विचारावा: पिनची चौकट आली का? पिन मागितला गेला, याचा अर्थ रीडर, त्याचा ड्रायव्हर आणि कार्ड तिघंही बोलताहेत, आणि बहुधा सर्टिफिकेटही मुदतीत आहे. म्हणजे चूक पुढे कुठेतरी आहे. 'बहुधा' म्हणायचं कारण, 'Allow time invalid certificates' नावाची एक पॉलिसी आहे. ती चालू केलेल्या ऑफिसात संपलेलं सर्टिफिकेटही यादीत दिसतं, पिनही घेतला जातो, आणि मग डोमेन कंट्रोलर, म्हणजे ऑफिसचं लॉगिन तपासणारा सर्व्हर, ते नाकारतो. काही जण ही पॉलिसी उपाय म्हणून चालू करतात. तिने लॉगिन होत नाही, फक्त सर्टिफिकेट डोळ्यांना दिसतं. निदानापुरती ती कामाची आहे, एवढंच.

दुसरी चाचणी अदलाबदलीची, आणि ती दोन मिनिटांत होते. अडलेलं कार्ड शेजारच्या चालू मशीनवर लावून बघा, आणि शेजाऱ्याचं चालू कार्ड अडलेल्या मशीनवर.

समजा, डिसेंबरच्या अधिवेशनाआधी एका ऑफिसात सहा नवी मशीनं आली आणि सोमवारी सकाळी दोन तक्रारी एकदमच आल्या. आस्थापना शाखेतल्या बाईंचं कार्ड त्यांच्या जुन्याच मशीनवर चालेना. नोंदणी शाखेत नव्या मशीनवर एका कारकुनाचं चालेना. साहेबांचा निष्कर्ष तयारच होता: शनिवारी जे काही अपडेट झालं त्यानेच सगळं बिघडलं. बाईंचं कार्ड शेजारच्या मशीनवर लावलं, तिथेही नाही. शेजाऱ्याचं कार्ड बाईंच्या मशीनवर लावलं, सरळ आत. म्हणजे बिघाड कार्डाबरोबर फिरतोय, ड्रायव्हरला हात लावायची गरज नाही. नोंदणी शाखेत उलटं झालं: कारकुनाचं कार्ड दुसरीकडे चाललं, आणि नव्या मशीनवर कोणाचंच चालेना. तिथे बिघाड जागचा हलत नाही, मशीनला चिकटून आहे. एकाच सकाळी आल्या म्हणून दोन तक्रारींचं कारण एक असतं असं नाही.

सगळ्या ऑफिसात, सगळ्या मशीनांवर, सगळ्यांचीच कार्डं एकदम बंद पडली, तर मात्र हे दोन्ही सोडा. तेव्हा डोमेन कंट्रोलरचं स्वतःचं सर्टिफिकेट आणि रद्द सर्टिफिकेटांची यादी आधी तपासावी. तो वेगळा विषय आहे.

अदलाबदलीने दिशा कळली की खात्री एका कमांडने होते. पासवर्डने किंवा लोकल अ‍ॅडमिन खात्याने आत जाऊन, कार्ड रीडरमध्ये ठेवून:

```
certutil -scinfo
```

ही कमांड मध्येमध्ये पिन मागते. प्रत्येक वेळी रद्द केलं तरी चालतं, हवी ती माहिती मिळते. चुकीचा पिन टाकत बसू नका, कारण ठरावीक चुकांनंतर कार्ड लॉक होतं आणि एकाच्या जागी दोन दुखणी होतात.

बाईंच्या कार्डाचं उत्तर बघा. वरच `Readers: 1`, खाली रीडरचं नाव, कार्ड आत असल्याची नोंद, आणि बरंच खाली सर्टिफिकेटच्या तपशिलात `NotBefore` आणि `NotAfter`. `NotAfter` ची तारीख मागे गेलेली. सोबत 0x800B0101 हा कोड दिसला, तर शंकाच नको: तो मुदतीबाहेरच्या सर्टिफिकेटचा कोड आहे, त्याच्यापुढे CERT_E_EXPIRED असं लिहिलेलंही असतं.

तारखेसोबत वेळही वाचा. सर्टिफिकेट रात्री बारालाच संपतं असं नाही. ते ज्या वेळी दिलं गेलं, साधारण त्याच वेळी संपतं. गेल्या वर्षी सकाळी साडेअकराला काढलेलं एक वर्षाचं सर्टिफिकेट यंदा साडेअकराच्या सुमारास संपेल. समजा, कोणी दहाला आलं, लॉगिन केलं, काम सुरू झालं. दीडला मशीन लॉक करून डबा खायला गेलं आणि परतल्यावर मशीन उघडेना. मग 'सकाळी तर चालत होतं' हे वाक्य खरंच असतं, आणि सगळ्यांचा संशय रीडरवर जातो. सर्टिफिकेटात वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहिलेली असते. मध्यरात्री संपणारं सर्टिफिकेट आपल्याकडे पहाटे साडेपाचला संपतं.

आता नोंदणी शाखेतलं नवं मशीन. तिथे तीच कमांड रीडरांच्या यादीपाशीच अडते आणि 0x8010002E म्हणजे SCARD_E_NO_READERS_AVAILABLE देते. कधी त्याऐवजी 0x8010001D येतो, म्हणजे स्मार्ट कार्डची सर्व्हिस चालू नाही. हा दुसरा कोड फसवा आहे. विंडोज 8 पासून ही सर्व्हिस रीडर सापडल्यावरच सुरू होते, त्यामुळे ती बंद असणं हे बऱ्याचदा रीडर न सापडल्याचं लक्षण असतं, कारण नव्हे. सर्व्हिस हाताने सुरू केली तरी रीडर उगवत नाही.

रीडरवरचा दिवा लागलाय म्हणून ड्रायव्हर आहे असं समजू नका. दिव्यापुरती वीज यूएसबीतून मिळते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'Smart card readers' हा गट आहे का ते बघा. ड्रायव्हर नसेल तर रीडर त्या गटात नसतोच. तो 'Other devices' खाली पिवळ्या त्रिकोणासह पडलेला असतो, आणि गुणधर्मांत कोड 28 दिसतो, म्हणजे ड्रायव्हर बसवलेला नाही. कमांडनेच शोधायचं असेल तर:

```
Get-PnpDevice -PresentOnly | Where-Object Status -ne 'OK'
```

त्या अनोळखी यंत्राच्या तपशिलात 'Compatible Ids' उघडा. तिथे `USB\Class_0B` दिसलं, तर रीडर प्रमाणित सीसीआयडी जातीचा आहे आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजसोबतच येतो. तरीही तो बसत नसेल, तर पेनड्राइव्ह बंद करण्यासाठी लावलेल्या पॉलिसीने नव्या यंत्रांची जोडणीच अडवली आहे का ते तपासा. नव्या मशीनांवर हे हमखास घडतं: जुन्या मशीनांवर रीडर पॉलिसीच्या आधी बसलेले असतात, नव्यांना ती संधी मिळत नाही. `Class_0B` नसेल, तर रीडर जुन्या किंवा खास बनावटीचा आहे आणि कंपनीचाच ड्रायव्हर लागेल. आणि यादीत काहीच दिसत नसेल, तर ड्रायव्हर विसरा. केबल, हब किंवा पोर्टचं बघा.

'ड्रायव्हर' म्हणताना आणखी एक गोष्ट आड येते. रीडरचा ड्रायव्हर वेगळा आणि कार्डाचा मिनीड्रायव्हर वेगळा. रीडर दिसतो, कार्ड आत आहे हेही कळतं, पण कार्ड कोणत्या जातीचं ते ओळखलं जात नाही, असं certutil म्हणत असेल, तर रीडरला दोष देऊ नका. कार्ड देणाऱ्यांचं सॉफ्टवेअर त्या मशीनवर टाकायचं राहिलं आहे.

अदलाबदलीच्या चाचणीला फसवणारं एक प्रकरण आहे. मशीन जुनं, मदरबोर्डवरची बटणासारखी सीआर2032 बॅटरी संपलेली, रात्री वीज गेली आणि सकाळी मशीनचं घड्याळ काही वर्षं मागे. मग त्या मशीनच्या दृष्टीने प्रत्येक सर्टिफिकेट 'अजून सुरूच झालेलं नाही', म्हणजे मुदतीबाहेरचं, म्हणजे यादीतून गायब. बिघाड मशीनला चिकटलेला दिसतो, पण ड्रायव्हर निर्दोष असतो. अशा वेळी certutil रीडर दाखवतं. तसं झालं की लगेच कोपऱ्यातलं घड्याळ बघा. हीच युक्ती उलटी वापरून, संपलेलं कार्ड चालवायला घड्याळ मागे नेऊ नका. डोमेनमध्ये मूळ सेटिंगला पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही, आणि डोमेन कंट्रोलर स्वतःच्या घड्याळाने मुदत मोजतो.

हे सगळं लांबून, रिमोट डेस्कटॉपने तपासत असाल तर जपून. रिमोट सत्रात certutil तुमच्या टेबलावरचा रीडर शोधतं, तिकडच्या मशीनचा नाही. तुमच्याकडे रीडर नसेल, तर तिकडे सगळं नीट असूनही 'रीडर नाही' असंच उत्तर येईल. त्या मशीनसमोर बसलेल्याला कमांड द्यायला सांगा, किंवा स्क्रीन शेअर करून बघा.

तसंच, मुदत तपासायला `certmgr.msc` मधली वैयक्तिक यादी पुरेशी मानू नका. कार्ड लावलं की विंडोज त्यातलं सर्टिफिकेट तिथे उतरवून ठेवतं, आणि कार्ड नवं झालं तरी जुनी प्रत तिथे पडून राहू शकते. ती बघून नवं कार्ड संपलेलं वाटतं. प्रत्यक्ष कार्डावर काय आहे ते `-scinfo` सांगतं.

दुरुस्तीत दोघांचा वेळही वेगळा. नोंदणी शाखेतलं मशीन ड्रायव्हर बसवून किंवा पॉलिसीत त्या रीडरला सूट देऊन सुरू होतं. बाईंच्या कार्डाला मात्र वाट बघावी लागते: मुदतीत असताना जुन्याच सर्टिफिकेटने नूतनीकरणाची मागणी सही करता येते, संपल्यावर ती मान्य होत नाही. मग कार्ड देणाऱ्या अधिकाऱ्याकडून ओळख पटवून नवं सर्टिफिकेट काढावं लागतं. विंडोजच्या मूळ साच्यात मुदत एक वर्ष आणि नूतनीकरणाची खिडकी शेवटचे सहा आठवडे असते. त्या सहा आठवड्यांत माणूस रजेवर किंवा दौऱ्यावर असेल, तर नूतनीकरण हमखास चुकतं. नवं सर्टिफिकेट घालताना कार्ड सरसकट पुसू नका. त्याच कार्डातल्या जुन्या किल्लीने ईमेल किंवा फाइली कुलूपबंद केल्या असतील, तर त्या उघडायला ती किल्ली पुढेही लागते.