ग्राहक नोंदींचा मेळ (दोन प्रणालींतील)

एकाच व्यवसायाच्या दोन संगणक प्रणालींत वेगवेगळ्या क्रमांकांखाली नोंदलेला ग्राहक एकच आहे की नाही, हे दोन्हींकडचे आकडे एका अहवालात आणण्यापूर्वी ठरवून घ्यावे लागते. या कामाला ग्राहक नोंदींचा मेळ म्हणता येईल.

सांगली-मिरज जोडशहरातल्या खते-औषधांच्या एखाद्या व्यापाऱ्याचे उदाहरण घेऊ. त्याची एक शाखा सांगलीत, दुसरी मिरजेत. काउंटरवरची बिले एका प्रणालीत होतात आणि तिथे ग्राहकाचा क्रमांक `SGL-00417` असा असतो. उधारी-वसुली हिशेबाच्या दुसऱ्या प्रणालीत असते, आणि तिथे तोच ग्राहक `1000417` असतो. हंगामाच्या शेवटी मालकाला एकाच तक्त्यात विक्री आणि येणे शेजारी-शेजारी हवे असते.

पहिला मोह असतो तो अक्षरे आणि शून्ये काढून फक्त `417` ठेवण्याचा. तो टाळलाच पाहिजे, कारण मिरजेतही `MRJ-00417` आहे आणि तो निराळाच शेतकरी आहे. क्रमांकातला कोणता भाग नुसता लिहिण्याच्या पद्धतीचा आणि कोणता अर्थाचा, हे आधी पाहावे लागते. इथे शून्ये आणि आडवी रेघ पद्धतीची. `SGL` आणि `MRJ` मात्र शाखा सांगतात. हिशेबाच्या प्रणालीत हेच काम पहिला अंक करतो: 1 म्हणजे सांगली, 2 म्हणजे मिरज. हे अंदाजाने धरू नये. ज्याने खाती उघडली त्या कारकुनाला विचारावे, आणि ओळखीच्या काही ग्राहकांवर ताडून पाहावे.

मग दोन्हींकडून एकसारखी किल्ली बनवायची. बिलांचा क्रमांक A रकान्यात आणि हिशेबाचा B रकान्यात असेल, तर एक्सेलमध्ये:

```
=LEFT(TRIM(A2),3)&"-"&TEXT(MID(TRIM(A2),5,9),"000000")
=IF(LEFT(B2,1)="1","SGL",IF(LEFT(B2,1)="2","MRJ","?"))&"-"&RIGHT(B2,6)
```

दोन्हींचे उत्तर `SGL-000417` येते. कुणी घाईत `SGL-417` टाकले असले तरी पहिले सूत्र तेच उत्तर देते. दुसऱ्यातले प्रश्नचिन्ह मुद्दाम ठेवले आहे: अनोळखी अंकाला गुपचूप मिरजेच्या खात्यात ढकलण्यापेक्षा तो डोळ्यांपुढे आलेला बरा.

किल्ली जुळली तरी ग्राहक जुळलाच असे नाही. बंद पडलेल्या खात्याचा क्रमांक नव्या ग्राहकाला दिलेला असू शकतो. म्हणून दुसरा पुरावा लागतो. नोंदणीकृत विक्रेत्यासाठी जीएसटी क्रमांक सर्वांत भरवशाचा. 15 अक्षरांच्या या क्रमांकात पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे 27) आणि पुढची दहा अक्षरे पॅनची असतात. शेतकऱ्याकडे सहसा तो नसतो. तिथे मोबाईल आणि गाव पाहावे. बाप-लेकांच्या दोन खात्यांवर एकच मोबाईल असणे नेहमीचे आहे, त्यामुळे नुसता मोबाईल पुरत नाही. नावावर तर सर्वांत कमी विसंबावे: तासगाव किंवा विट्याकडच्या यादीत पाटील, माने, जाधव किती असतील याचा नेम नाही. त्यातच एका ठिकाणी आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी. एका ठिकाणी देवनागरी, दुसरीकडे रोमन. नाव पूर्ण वेगळे दिसले तर जोडी थांबवावी, पण नुसते नाव सारखे आहे म्हणून जोडी लावू नये.

सर्वांत महाग पडणारी चूक मेळ बसल्यानंतर होते. समजा `SGL-000417` ची विक्री 84,000 रुपये आहे. हिशेबाच्या यादीत मात्र त्याच्या दोन ओळी आहेत: खतांचे येणे 20,000 आणि औषधांचे 15,000. दोन्ही याद्या ओळीला ओळ जोडल्या, तर विक्रीचा आकडा दोनदा येतो आणि बेरीज 1,68,000 होते. `VLOOKUP` वापरले तर उलटे घडते: ते पहिलीच ओळ उचलते, 15,000 गायब होतात, आणि कुठेही चुकीची खूण दिसत नाही. म्हणून आधी प्रत्येक किल्लीची एकच ओळ करावी (येणे 35,000), मगच जोडावे. एखादी किल्ली दोनदा आली आहे का, हे `COUNTIF` ने आधीच कळते.

ताळा असा पाहावा: अहवालातली एकूण विक्री मूळ बिलांच्या एकूण विक्रीइतकीच, आणि एकूण येणे हिशेबाच्या येण्याइतकेच भरले पाहिजे. ते भरण्यासाठी न जुळलेल्या ओळी अहवालातच वेगळ्या दाखवाव्या लागतात. फक्त बिलांत असलेला ग्राहक बहुधा रोखीचा असतो. फक्त हिशेबात असलेला जुन्या थकबाकीचा असू शकतो, आणि वसुलीसाठी नेमके तेच नाव हवे असते.

एकाच विक्रेत्याची सांगलीत आणि मिरजेत दोन खाती असतील आणि दोन्हींवर जीएसटी क्रमांक एकच असेल, तर ती एक धरायची का, हे अहवालाच्या कामावर ठरते. उधारीची मर्यादा ठरवताना एक धरावीत. शाखांची विक्री मोजताना वेगळी ठेवावीत. मूळ प्रणालींतले क्रमांक यासाठी बदलू नयेत. दोन्ही क्रमांक, कशावरून जोडले, कोणी आणि कधी, असा एक मेळ तक्ता वेगळा ठेवावा. पुढच्या हंगामात त्यात फक्त नवी आणि बदललेली खाती तपासावी लागतात.