जिना चढताना गुडघ्याच्या आतून कळ येते, ती आर्थ्रायटिसची की बर्साची?

पायरी चढताना गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ आली की आपण थेट "गादी झिजली" असं ठरवून मोकळे होतो. पण दुखतंय नेमकं कुठे ते आधी बोटाने बघा, कारण खरा फरक तिथेच कळतो.

खुर्चीत बसून गुडघा काटकोनात वाकवा. वाटीच्या खालच्या टोकाशी, आतल्या बाजूला अंगठा ठेवला की एक मऊ खळगा लागतो, तिथून आत सरकत जा, ती खाच म्हणजे सांध्याची फट. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे गादी झिजते त्या आर्थ्रायटिसमध्ये, दाबल्यावर दुखतं ते बहुतेक या फटीवरच. आता फटीपासून साधारण 5 सेंटीमीटर खाली, नडगीच्या हाडाच्या आतल्या उतारावर दाबा. मांडीतून येणाऱ्या तीन स्नायूंची टोकं इथे हाडाला चिकटतात आणि त्यांच्याखाली बर्सा नावाची पातळ पिशवी असते. इथे दाबल्यावर "हेच, हेच ते" असं झालं तर पेस अँसेराइन बर्सायटिसची, म्हणजे ही पिशवी सुजल्याची, शंका घ्यायची. हे तीन स्नायू गुडघा वाकवतात, म्हणून पायरी चढताना, खुर्चीतून उठताना दुखतं आणि सपाट रस्त्यावर त्या मानाने बरं असतं. रात्री कुशीवर झोपल्यावर एक गुडघा दुसऱ्यावर टेकला तरी ती जागा ठणकते.

आर्थ्रायटिसमध्ये जिना त्रास देतोच, पण सपाटीवर बरंच चाललं तरी दुखायला लागतं, सकाळी उठल्यावर गुडघा आखडलेला असतो (सहसा अर्ध्या तासाच्या आत सुटतो), कुरकुर वाजतो, कधी सांध्यात पाणी होऊन सगळाच गुडघा सुजतो. बर्साची सूज आली तरी त्या जागेपुरतीच.

खरा घोळ एक्स-रेमुळे होतो. समजा पन्नाशीच्या एका बाईंचा फक्त उजवा गुडघा दुखतोय आणि एक्स-रेत दोन्ही गुडघ्यांना सारखीच थोडी झीज दिसली. मग डावा गप्प का? बोट लावून बघितलं तर उजव्याची फट दुखत नाही, तीन बोटं खालची जागा मात्र हात लावू देत नाही. म्हणजे झीज आहे, पण आत्ताची कळ बहुधा तिची नाही. दोन्ही एकत्रही असतात बरं का, आर्थ्रायटिस, जास्त वजन किंवा डायबेटिस असेल तर बर्सायटिस जास्त दिसतो, त्यामुळे एक सापडलं म्हणून दुसरं बाद करू नका.

उपाय वेगळे म्हणून एवढी उठाठेव. बर्सायटिसला काही दिवस जिना कमी, कापडात गुंडाळलेला बर्फ 15 मिनिटं, मांडीच्या मागच्या स्नायूंचं हळू स्ट्रेचिंग, आणि नाहीच थांबलं तर डॉक्टर त्या जागी स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. आर्थ्रायटिसमध्ये मांडीच्या पुढच्या स्नायूंची ताकद आणि वजन यावर बराच काळ काम करावं लागतं. ती जागा लाल-गरम झाली, ताप आला किंवा पायावर भारच देता येईना, तर मात्र घरी बोटं लावत बसू नका, त्याच दिवशी दाखवा, कारण त्यात इन्फेक्शन किंवा हाडाला तडा असू शकतो.