बॉगलचे फासे मधेच बदलले, त्यामागची पार्श्वभूमी

चार बाय चारच्या चौकटीत सोळा अक्षरं, शेजारच्या घराला शेजारचं घर जोडत शब्द करायचा, आडवं उभं तिरकं कसंही चालतं, फक्त एकदा घेतलेलं घर त्याच शब्दात परत घ्यायचं नाही. हा इंग्रजी अक्षरांचा खेळ म्हणजे बॉगल. अॅलन टुरॉफने शोधला, 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला पार्कर ब्रदर्सने बाजारात आणला. तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ, कमीत कमी तीन अक्षरांचा शब्द, आणि दोघांनी तोच शब्द लिहिला तर दोघांचाही कट. नियम तेव्हापासून जवळपास तसेच आहेत.

पण फासे तसेच नाहीत, आणि मला या खेळाच्या इतिहासात सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं ते हेच. चौकटीतल्या प्रत्येक घरात एक असे सोळा फासे, प्रत्येकाला सहा बाजू, म्हणजे एकूण 96 अक्षरं छापलेली असतात. कुठलं अक्षर कुठल्या फाशावर, यावरच डाव किती चांगला पडणार ते ठरतं. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात हे वाटप गुपचूप बदललं गेलं, म्हणून खेळणारे लोक आजही जुना सेट आणि नवा सेट असं वेगळं बोलतात.

जुन्या सेटमधे स्वर जवळजवळ समान वाटलेले आहेत. प्रत्येक फाशावर निदान दोन स्वर, दोनच फाशांवर त्याहून जास्त, एकूण 35. ऐकायला छान वाटतं ना, पण होतं काय की जवळजवळ प्रत्येक फासा दोनतृतीयांश वेळा व्यंजनच दाखवणार, मग कधी सगळ्या चौकटीत दोन-तीनच स्वर येतात आणि तीन मिनिटं नुसतं बघत बसावं लागतं. नव्या सेटमधे स्वर 33 आहेत, म्हणजे थोडे कमीच, पण ते मुद्दाम विषम वाटलेत. एका फाशावर ए ए ई ई जी एन, दुसऱ्यावर ई ई आय एन एस यू, म्हणजे या दोघांकडून बहुतेक वेळा स्वरच मिळतो, आणि उलट एचएलएनएनआरझेड या फाशावर एकही स्वर नाही. असं केल्याने सरासरी जवळपास तीच राहते, साडेपाच-सहा स्वर, पण टोकाचे भिकार डाव कमी पडतात. बरोबरीने टी हे अक्षर पाच बाजूंवरून नऊ बाजूंवर नेलं, आणि शब्द लांबवायला टी किती कामी येतं हे खेळणाऱ्याला सांगायला नको.

आता यातली खरी गंमत एफ आणि केची. जुन्या सेटमधे एफ दोन वेगवेगळ्या फाशांवर, के आणखी दोन फाशांवर. नव्यात एफचे दोन्ही आणि केचा एकुलता एक, तिघेही एकाच फाशावर कोंबलेत: ए एफ एफ के पी एस. एक फासा एका वेळी एकच बाजू दाखवणार, म्हणून एफ आणि के एकत्र असलेला शब्द नव्या सेटमधे कधीच येऊ शकत नाही. फोर्क नाही, नाइफ नाही, फ्लेक नाही. कॉफीत एफ दोनदा लागतं म्हणून तीही नाही, आणि दोन के असल्याने किकही गेली. एक चार अक्षरी शिवी चौकटीत दिसू नये म्हणून हे केलं असं खेळाडूंमधे सर्रास बोललं जातं, आणि फाशांकडे बघितलं की ते पटतं. तुमच्याकडचा सेट कुठला ते ओळखायचं असेल तर एकाच फाशावर दोन एफ आहेत का बघा, असतील तर नवा.

फासे बाजूला ठेवून, कुठलीही सोळा अक्षरं चालतील असं धरलं तर सगळे शब्द काढल्यावर सगळ्यात जास्त मार्क देणारी चौकट कुठली, हा प्रश्न कॉम्प्युटरवाल्यांना बरीच वर्षं छळत होता, कारण एका चौकटीतच 1 कोटी 20 लाखांवर वेगवेगळे मार्ग निघतात. 2025 मधे डॅन व्हँडरकॅम या प्रोग्रॅमरने एका ठराविक शब्दयादीसाठी ते सिद्धच करून दाखवलं, 3625 मार्क. ती चौकट अशी:

```
P E R S
L A T G
S I N E
T E R S
```

यात `REPLASTERING` आहे. वरच्या ओळीतल्या आरपासून डावीकडे ई, पी, खाली एल, बाजूला ए, तिरकं खाली एस, मग टी, तळाच्या ओळीतून ई, आर, तिथून तिरकं वर आय, शेजारी एन, आणि तिरकं वर जी. बारा घरं, एकही दोनदा नाही. स्वर मोजले तर पाच, म्हणजे नव्या फाशांच्या सरासरीच्या अगदी जवळ, आणि एफ किंवा के तर औषधालाही नाही.