शॉप ॲक्ट नोंदणी व नूतनीकरण (खानदेश)

लहान दुकानाची आस्थापना कायद्याखालील नोंद खानदेशात ‘शॉप ॲक्ट’ किंवा ‘गुमास्ता’ या नावानेच ओळखली जाते. १९४८ च्या जुन्या कायद्याखाली नोंदणी प्रमाणपत्राची मुदत ३१ डिसेंबरला संपत असे आणि वर्ष सरताना नूतनीकरण करून घ्यावे लागे. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या बाजारपेठांत डिसेंबर म्हणजे ‘लायसन्स रिन्यू करायचा महिना’ ही समजूत तेव्हाची आहे आणि कायदा बदलूनही ती टिकून राहिली आहे.

१९ डिसेंबर २०१७ पासून महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ लागू झाला. त्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना नोंदणीतूनच वगळले. अशा दुकानदाराने धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांत केवळ सूचना द्यायची असते. कामगारांची ही मर्यादा २० वर नेण्यास राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मान्यता दिली.

अमळनेरमध्ये दोन नोकर ठेवून १ जूनला उघडलेल्या कापडदुकानाचे उदाहरण घेता येईल. मालकाने जुलैअखेरपर्यंत ऑनलाइन सूचना (नमुना एफ) भरावी लागते. त्यासाठी ओळखपत्र, छायाचित्र, स्वघोषणापत्र आणि पाटीसह दुकानाचा फोटो लागतो. हे काम बहुतेक जण सेवा केंद्रावर करून घेतात. अर्ज भरला की पोचपावती (नमुना जी) मिळते. ही पावती मालकाच्या स्वतःच्या घोषणेवर दिलेली असते. ती ना परवाना असते, ना जागेच्या मालकीचा पुरावा. गाळ्याचा क्रमांक भाडेकरारात एक आणि पावतीत दुसरा असला, तर चालू खाते उघडताना बँक कागद परत करते, आणि चूक बहुधा तेव्हाच उघडकीस येते.

या पावतीला दरवर्षीचे नूतनीकरण नाही. तरीही ‘मुदत संपली’ असे सांगून पैसे घेणारे मध्यस्थ भेटतात. अशा वेळी कागदाच्या माथ्यावरचा नमुना पाहावा. नमुना जी असेल तर नूतनीकरणाचा प्रश्नच उद्भवत नाही. नमुना बी असेल तर ते मोठ्या आस्थापनेचे नोंदणी प्रमाणपत्र होय. ते अर्जदाराने मागितलेल्या मुदतीसाठी, जास्तीत जास्त दहा वर्षांपर्यंत मिळते, आणि मुदत संपण्याच्या ३० दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. नगरपालिकेचे कर वा परवाने हा निराळा विषय आहे. त्यांची वार्षिक पावती शॉप ॲक्टची समजण्याची गफलत मात्र नेहमीची.

सूचनेपुरते सुटलेले दुकान पाटीच्या नियमातून सुटत नाही. २०२२ च्या दुरुस्तीने सर्वच दुकानांची पाटी देवनागरी मराठीत, आधी आणि इतर भाषांहून लहान नसलेल्या अक्षरांत असणे बंधनकारक झाले, म्हणून अर्जासाठी फोटो काढण्यापूर्वीच पाटी रंगवून घेतलेली बरी.