प्यायल्यानंतरचा दुसरा दिवस: डोकं जड आहे की अभ्यास मुरलाच नाही?

रात्री पार्टी झाली, सकाळी वही उघडली आणि काल दुपारी चार तास बसून केलेला धडा पहिल्यांदाच बघतोय असं वाटायला लागलं. कॉलेजमधली मुलं याला सरसकट 'हँगओव्हर' म्हणतात. खरं तर त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात. पहिली म्हणजे डोकं जड असणं: शिकलेलं शाबूत असतं, पण मेंदू आत्ता मंद असल्यामुळे ते पटकन वर येत नाही. दुसरी म्हणजे अभ्यास न मुरणं: काल शिकलेलं रात्रीच्या झोपेत पक्कं व्हायचं होतं, ते काम अर्धवट राहिलं. पहिली गोष्ट बहुधा संध्याकाळपर्यंत निवळते. दुसरी डोकं स्वच्छ झाल्यावरही तशीच राहते, आणि डोकं स्वच्छ झालेलं असल्यामुळेच ती लक्षात येत नाही.

तिसरा प्रकार आधीच बाजूला काढू. 'मी घरी कसा आलो तेच आठवत नाही' हा ब्लॅकआउट. रिकाम्या पोटी भराभर प्यायलं की रक्तातलं मद्य झपाट्याने चढतं आणि मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग नव्या घटनांची नोंद करणं थांबवतो. माणूस बोलत-चालत असतो, पण त्या तासांची नोंदच होत नाही, म्हणून ती नंतर कितीही ताण दिला तरी सापडत नाही. दुपारच्या अभ्यासाची नोंद आधीच झालेली असते, ती यात पुसली जात नाही. मात्र ब्लॅकआउट झाला असेल तर प्रमाण बरंच जास्त होतं, आणि त्या रात्रीची झोपही तेवढीच बिघडली असणार, हे धरून चालावं.

आता एक रात्र हिशेबाने पाहू. साठ किलो वजनाच्या मुलाने दुपारी 2 ते 6 गणिताचा एक नवा प्रकार शिकला आणि सोबत दहा व्याख्या पाठ केल्या. रात्री 9 ते 12 मध्ये तो पाच मापं प्यायला. एका मापात 10 ग्रॅम शुद्ध मद्य धरू, म्हणजे पाच टक्क्यांची बिअर साधारण 250 मिलिलिटर. एकूण 50 ग्रॅम. हे सगळं एकदम रक्तात उतरलं असतं तर पातळी 0.12 टक्क्यांच्या आसपास गेली असती. यकृत दर तासाला साधारण 0.015 टक्के कमी करतं, त्यामुळे साडेबाराला तो आडवा झाला तेव्हा अंदाजे 0.07 उरले आणि शून्यावर यायला पहाटेचे पाच वाजले. तेवढ्याच वजनाच्या मुलीच्या शरीरात सरासरीने पाणी कमी असतं, म्हणून तेवढ्याच मद्यात तिची पातळी जास्त चढते आणि उतरायला सात वाजतात. माणसागणिक हे आकडे मागेपुढे होतात, पण ढाचा हाच.

म्हणजे साडेबारा ते पाच या वेळात झोप आणि मद्य एकत्र चाललेले असतात. झोप लवकर लागते, रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप वाढल्यासारखी दिसते आणि 'मस्त झोप लागली' असं वाटतं. तरुणांवरच्या झोपेच्या नोंदींमध्ये मात्र या गाढ झोपेच्या संथ लाटांबरोबर जागेपणी डोळे मिटल्यावर दिसणाऱ्या अल्फा लाटाही मिसळलेल्या आढळल्या आहेत. ती नेहमीची गाढ झोप नसते. त्याच वेळी आरईएम झोप, म्हणजे डोळे पापण्यांआड भराभर हलतात आणि ठळक स्वप्नं पडतात ती झोप, दाबली जाते. पहाटे मद्य उतरलं की उलटा झोका येतो. मद्याने रात्रभर दाबून ठेवलेली मेंदूतली उत्तेजना मोकळी होते, छाती धडधडते, घाम येतो, तहान लागते, पुन्हा पुन्हा जाग येते. एरवी आरईएम झोपेचा मोठा वाटा याच शेवटच्या तासांत असतो. आधी दबलेला हिस्सा भरून निघायची संधी इथे असते, पण झोप तुकड्या-तुकड्यांची झालेली असते आणि सातचा गजर ती पुरती तोडतो.

मनगटावरच्या घड्याळाने 'डीप स्लीप' चांगली दाखवली म्हणून निर्धास्त होऊ नये. त्यापेक्षा झोपेतले हृदयाचे ठोके बघावेत. प्यायलेल्या रात्री ते नेहमीपेक्षा चढे राहतात आणि पहाटेपर्यंत खाली येत नाहीत.

मग काल दुपारचं सगळं गेलं का? इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो, दोन्ही बाजूंनी. अमेरिकेत 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना आदल्या संध्याकाळी सुमारे 0.12 टक्के पातळी येईल इतकी बिअर दिली आणि सकाळी परीक्षा घेतली. आदल्या दुपारी शिकवलेल्या भागावरच्या प्रश्नांत त्यांचे गुण बिनमद्याची बिअर प्यायलेल्यांपेक्षा फारसे कमी आले नाहीत. ढासळलं ते लक्ष टिकवून धरणं, प्रतिसादाचा वेग आणि मनःस्थिती. दुसरीकडे कार्लाइल स्मिथ आणि डी. स्मिथ यांच्या 2003 सालच्या अभ्यासात झोपण्यापूर्वी मद्य घेतलेल्यांची शब्दांच्या जोड्यांची आठवण बरी राहिली, पण हाताला आणि डोक्याला वळण लागायचं काम मात्र कच्चं राहिलं. पिण्याच्या आधी पाठ केलेले शब्द दुसऱ्या दिवशी थोडे जास्तच आठवले, असंही काही अभ्यासांत दिसलं आहे. त्याचं एक स्पष्टीकरण असं की पिताना नवीन काही नीट नोंदलं जात नाही, त्यामुळे आधीच्या शब्दांत भेसळ होत नाही. यातून 'पाठ करून प्यावं' असा अर्थ कोणी काढू नये. सुटे शब्द टिकणं म्हणजे विषय समजणं नव्हे.

थोडक्यात, आपल्या मुलाच्या दहा व्याख्या बहुधा शाबूत आहेत. धोका आहे तो गणिताच्या रीतीला: कुठला प्रश्न कुठल्या पद्धतीने सोडवायचा हे ओळखणं, पायऱ्या आपोआप येणं, उदाहरण बदललं तरी तत्त्व दिसणं. असं कौशल्य एका बैठकीत पुरतं येत नाही, त्यातलं बरंचसं पुढच्या झोपेत बसतं. आणि पहिलीच रात्र हुकली तर? स्टिकगोल्ड आणि सहकाऱ्यांनी 2000 साली नजरेने बारीक फरक ओळखण्याचं एक कौशल्य शिकवून लोकांना पहिली रात्र झोपू दिलं नाही. नंतर दोन रात्री भरपूर झोप मिळूनही पहिल्या झोपेने एरवी जी सुधारणा दिसते ती दिसली नाही. तो प्रयोग जागरणाचा होता, मद्याचा नव्हता, आणि एका विशिष्ट कौशल्याचा. तरी 'रविवारी भरपूर झोपेन, भरून निघेल' या हिशेबावर विसंबू नये, एवढं त्यातून नक्की कळतं.

सकाळी नऊला तो टेबलाशी बसतो तेव्हा रक्तात मद्य नाही, पण हँगओव्हर भरात आहे, कारण त्याचा जोर मद्य शून्याजवळ पोचतं तेव्हाच सर्वाधिक असतो. ओळी वाचून होतात पण अर्थ शिरत नाही. त्याला व्याख्या आठवत नाहीत, म्हणून तो घाबरून सगळा धडा पहिल्यापासून वाचायला घेतो. ही पहिली चूक: जे गेलेलं नाही त्यावर, सर्वात वाईट तासांत, तीन तास घालवणं. दुसरी चूक संध्याकाळी होते. डोकं हलकं झालेलं असतं, व्याख्या धडाधड आठवतात, आणि 'काही बिघडलं नव्हतं' म्हणून तो गणितं न करताच पुढच्या धड्याकडे वळतो.

दोन्ही टाळायला पंधरा मिनिटांची चाचणी पुरते. सकाळी कोऱ्या कागदावर वही न बघता पाच व्याख्या लिहाव्यात. मग काल केलेल्या प्रकाराचं एक सरळ गणित आणि एक जरा फिरवून दिलेलं गणित सोडवावं, प्रत्येकी पाच मिनिटं. संध्याकाळी सहाला तेच पुन्हा, पण उरलेल्या पाच व्याख्या आणि नवी गणितं घेऊन. तीच घेतली तर सकाळच्या चाचणीनेच उजळणी झालेली असते आणि निकाल फसवा येतो. सकाळी व्याख्या अडल्या आणि संध्याकाळच्या सहज आल्या, तर तो जडपणाच होता. व्याख्या येतात, सरळ गणितही वहीतल्या नमुन्यासारखं जमतं, पण फिरवलेल्या गणितात पहिली पायरीच सुचत नाही आणि संध्याकाळीही तेच, तर रीत मुरलेली नाही असं समजावं. व्याख्याही दोन्ही वेळा कोऱ्याच राहिल्या, तर दारूला दोष देण्याआधी काल त्या खरंच पाठ झाल्या होत्या का, ते तपासावं. नुसतं डोळ्याखालून घातलेलं पहिल्यापासूनच कच्चं असतं.

उपायही वेगवेगळे. जडपणावर पाणी, जेवण आणि वेळ. सकाळी नवा धडा उघडू नये. टिपणं जुळवणं, सूत्रांची यादी उतरवणं अशी हातकामं करावीत आणि लक्ष लागेल असं काम संध्याकाळवर ढकलावं. कॉफीने झोपाळूपणा कमी होतो, पण काल रात्री जे झालं नाही ते तिने होत नाही. तिचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणून दुपारनंतरचे दोन-तीन कप आजची रात्रही बिघडवतात. तीनच्या आत डुलकी घेतली तर चालेल. त्याहून उशिरा घेतली तर रात्री झोप लांबते.

न मुरलेल्या रीतीवर नुसतं वाचन चालत नाही, कारण वाचताना ती ओळखीची वाटते आणि आल्याचा भास होतो. डोकं हलकं झालं की त्याच संध्याकाळी पाऊण तास हातात पेन घेऊन सहा-आठ गणितं सोडवावीत, तीही वेगवेगळ्या प्रकारांची मिसळून, म्हणजे पद्धत ओळखण्याचाही सराव होतो. एक सोडवलेलं गणित झाकून पुन्हा पहिल्यापासून मांडावं आणि जिथे पेन थांबतं त्या ओळीला खूण करावी. तेवढीच जागा कच्ची असते, अख्खा धडा नव्हे. मग त्या रात्री दारूशिवाय साडेसात-आठ तास झोपावं आणि उठल्यावर खूण केलेल्या ओळीचं एक नवं गणित करून बघावं.